मदत हवी आहे: पाचटाखालचे कोळी पाचटावरच पोसलेत हे कसं दाखवू?

टिटवी_करवीर
कोल्हापूरजवळ आमच्या सोयाबीनच्या रानात एमएस्सीच्या प्रकल्पासाठी सहा वाफे केलेत. तिघांत उसाचं पाचट अंथरलंय, तीन उघडे आहेत. जमिनीत पेले पुरून सापळे लावले, तर पाचटाच्या वाफ्यांत लांडगा कोळी दुपटीहून जास्त पडले. पाचट उचललं की खाली बुरशीची पांढरी जाळी आणि त्यावर टणाटण उडणारे बारीक कोलेम्बोला. मी लिहिलं की पाचट बुरशीनं खाल्लं, बुरशी कोलेम्बोलांनी आणि त्यांना कोळ्यांनी. मॅडम म्हणाल्या, "कोळी नुसते सावलीला आले नसतील कशावरून?" तेव्हापासून अडकलेय.

रानवाटा
मॅडमचंच बरोबर आहे. कोळी पाचट खात नाही, तो माश्या-तुडतुडे खातो. पाचट म्हणजे त्याचं छप्पर, बाकी संबंध नाही.

शिरोळचा_शेतकरी
ताई, माझ्या खोडव्यात पाचट ठेवल्यापासून हुमणी वाढल्यासारखी वाटते. तुमच्या वाफ्यांत दिसली का?

मातीतला_माणूस
दादा, हुमणीसाठी वेगळा धागा काढा, तिथं नक्की बोलू.

रानवाटा, छप्पर हे अर्धं कारण आहे. टिटवीताई, तुमचं नशीब की पीक सोयाबीन आणि पाचट उसाचं. दोघांचा कार्बन वेगळा ओळखता येतो. कार्बन-१३ च्या मापात ऊस उणे १२ च्या आसपास असतो, सोयाबीन उणे २७ च्या. खाणाऱ्याच्या अंगात हाच ठसा थोड्या फरकाने उतरतो. समजा उघड्या वाफ्यातले कोळी उणे २४ आले आणि पाचटातले उणे १९. पाचाचा फरक म्हणजे दोन पिकांमधल्या पंधराच्या अंतराचा तिसरा हिस्सा. तेवढा जादा कार्बन पाचटातून चढला. कोळ्याचे फक्त पाय वाळवून द्या, पोटातलं ताजं भक्ष्य गोंधळ घालतं. नमुने अल्कोहोलमध्ये न ठेवता फ्रीझरमध्ये ठेवा. कोलेम्बोलाही द्या, मधली कडी दिसली पाहिजे.

टिटवी_करवीर
सर, गेल्या वर्षी त्याच रानात ऊस होता!

मातीतला_माणूस
म्हणूनच उघडे वाफे सोडू नका. मातीत जुना उसाचा कार्बन असतोच, तो दोन्हीकडे सारखा धरून वजा होतो. सावलीचा प्रश्न मात्र याने सुटत नाही. त्यासाठी दोन वाफ्यांत पाचटाऐवजी प्लॅस्टिकच्या पट्ट्या तेवढ्याच जाडीनं टाका. तिथंही कोळी तितकेच वाढले, तर मॅडम बरोबर.

रानवाटा
पण शेजारी उभा ऊस असेल तर? त्यावरचे तुडतुडे उडून आले की तोच ठसा येणार.

मातीतला_माणूस
हा मुद्दा खरा आहे. ताई, शेजारचा ऊस किती लांब आहे?

टिटवी_करवीर
बांधालाच लागून. दोन वाफे तर अगदी कडेला आहेत, आणि दोन्ही पाचटाचेच.