एकच क्रिटिकल पॉइंट असेल तर बाउंड्री कशाला तपासायची?

सरळमार्गी: बंदिस्त क्षेत्रावर कमाल किंमत काढताना चारही कडा तपासायला लावणं म्हणजे निव्वळ वेळकाढूपणा. आत एकच क्रिटिकल पॉइंट मिळाला, तिथे D = fxx·fyy − fxy² धन आणि fxx ऋण निघाला, की तीच सर्वांत मोठी किंमत. विषय संपला.

खिंडीतला: विषय संपला? हे करून बघा. −3 ते 3 असा चौरस, x आणि y दोन्हींसाठी, आणि

f = −x² − y²(1+x)³

fy = −2y(1+x)³ शून्य व्हायला y = 0 किंवा x = −1 हवं. x = −1 घेतलं तर fx = 2, म्हणजे ती वाट बंद. y = 0 घेतलं तर x = 0. क्रिटिकल पॉइंट एकच, मूळबिंदू. तिथे fxx = −2, fyy = −2, fxy = 0, D = 4. तुमच्या सगळ्या अटी पूर्ण, किंमत 0. आता (−3, 3) हा कोपरा घाला: −9 − 9·(−8) = 63. मोठं कोण, तुम्हीच सांगा.

सरळमार्गी: हा मुद्दाम शोधलेला विक्षिप्त नमुना झाला. एका चलात माझा नियम शंभर टक्के खरा आहे, तो सिद्ध करता येतो.

खिंडीतला: एका चलात खराच आहे, तेवढं श्रेय घ्या. शिखरावरून उतरून त्याहून उंच जागी जायचं तर मधे कुठेतरी तळ लागतोच, आणि तो तळ दुसरा क्रिटिकल पॉइंट ठरतो. दोन चलांत मात्र वाट वळवता येते. मूळबिंदूपासून 63 पर्यंत जाताना x = −1 ही रेषा ओलांडावीच लागते आणि तिच्यावर सगळीकडे f = −1. पुढे किंमत आणखी थोडी उतरते, मगच चढते. y = 3 वरून गेलात तर ही खिंड −1.45 वर लागते, चौरसाबाहेर y = 30 वरून गेलात तर −1.04 वर. जितकं लांबून जाल तितकी खिंड उंच, पण −1 ला ती कधीच पोचत नाही. म्हणून खिंडीचा माथा अख्ख्या प्रतलात कुठेच सापडत नाही आणि दुसरा क्रिटिकल पॉइंटही नाही.

पेपरतपासनीस: उदाहरण छान, पण मुळात D काढलाच कशाला? आतल्या बिंदूची किंमत, कडांवरच्या किमती, कोपरे. सगळ्यांत मोठी निवडा, संपलं. सॅडल असला तरी तुलनेत तो आपोआप मागे पडतो. तरीही D लिहिला नाही म्हणून पोरांचे गुण कापतात. संतापजनक प्रकार आहे.

सरळमार्गी: गुण कापतात कारण प्रश्नात ‘स्वरूप सांगा’ असं लिहिलेलं असतं. प्रश्न वाचत जा.

पेपरतपासनीस: ‘कमाल किंमत काढा’ एवढंच विचारलं असतानाही कापतात, मी त्याबद्दल बोलतोय. वाचायचा सल्ला स्वतःकडेच ठेवा.

जिज्ञासा: मधे बोलते, क्षमस्व. कोपरे वेगळे का घ्यायचे? मी प्रत्येक कडेवर विकलन शून्य केलं. डाव्या कडेवर −9 + 8y², त्यातून y = 0 मिळालं आणि किंमत −9. 63 कुठेच आला नाही.

खिंडीतला: येणारच नाही. त्या कडेवर y = 0 ही सर्वांत लहान किंमत आहे, मोठ्या किमती टोकांना आहेत. कड म्हणजे बंद अंतरालच, त्यामुळे तिची दोन्ही टोकं त्याच नियमाने तपासायची. लग्रांजनेही हाच घोटाळा होतो: कोपऱ्यात ग्रेडियंट कुठल्याच कडेला लंब नसला तरी कमाल तिथे असू शकते. वरच्या कडेवर 27x² + 56x + 27 = 0 सोडवलं की x साधारण −0.76 आणि −1.31 येतात, किमती −0.70 आणि −1.45. एवढी मेहनत करूनही उत्तर कोपऱ्यातच.

जिज्ञासा: आणि x > −3 असं दिलं, डावी कड वगळली तर?

खिंडीतला: मग कमाल किंमतच नाही. 63 च्या हवं तेवढं जवळ जाता येतं, पोचता येत नाही.

कोडवाला: एवढी डोकेफोड कशाला? चौरसात एक लाख रँडम बिंदू टाका, सर्वांत मोठी किंमत घ्या.

पेपरतपासनीस: टाका की. त्या कोपऱ्यात fx = −102 आहे. x मध्ये ०.०१ आत सरकलात की एक कमी झाला. साधारण ६१-६२ मिळेल आणि तेच उत्तर म्हणून छापाल.

कोडवाला: माझ्याकडे दहा चलं आहेत, प्रत्येकाला खालची-वरची मर्यादा. तिथे तुमची पद्धत चालवून दाखवा. प्रत्येक चल खालच्या टोकाला, वरच्या टोकाला किंवा मधे, म्हणजे 3¹⁰ = 59049 तुकडे, त्यातले 1024 नुसते कोपरे.

खिंडीतला: हे मान्य, हाताने कुणी करणार नाही. पण रँडम बिंदूंनी तुमचे कोपरे आणखीच हुकतील. निदान मिळालेल्या चांगल्या बिंदूपासून मर्यादा पाळत चढत तरी जा. मर्यादेला टेकलेली चलं तिथेच थांबतात.

सरळमार्गी: बरं बाबा, दोन चलांत कडा तपासा. एका चलात मी तपासणार नाही.

पेपरतपासनीस: आणि D चे गुण?

सरळमार्गी: ते कापणारच.