डोळे झाकून लेझर घेऊ नका, आधी वर्षाचे तास मोजा

भंवरकुआ_क्लासवाला:
मंडळाच्या हॉलसाठी प्रोजेक्टर घ्यायचा विषय परत निघालाय म्हणून स्पष्ट सांगतो. लॅम्पवाला घेणं म्हणजे पैसे पाण्यात. डोळे झाकून लेझर घ्या. २०,००० तास बघायला नको, आवाज नाही, खर्च नाही. बजेट नसेल तर जेल रोडवर ९,००० ल्युमेनचा एलईडी ११-१२ हजारांत मिळतो, तोही लॅम्पपेक्षा बरा.

लोकमान्यनगरकर:
तुमच्या क्लासला लेझर योग्यच आहे. पण क्लासचा हिशेब तुम्ही मंडळाच्या गळ्यात घालताय, म्हणून एवढं लांब लिहितो.

मंडळात प्रोजेक्टर वर्षाला किती तास चालतो? गणपतीचे दहा दिवस, रोज तीन तास. आठवड्याच्या व्याख्यानाला दोन-सव्वादोन तास. सगळं मिळून १५० तास. समितीकडे दोन कोटेशनं आली आहेत: ३,६०० ल्युमेनचा लॅम्पवाला ५०,००० रुपयांना आणि ४,००० ल्युमेनचा लेझर १,१०,००० ला. फरक ६०,००० चा. मूळ कंपनीचा लॅम्प १२,००० ला पडतो. त्याचं आयुष्य कागदावर ४,५०० तास, पण हा आकडा उजेड निम्मा होईपर्यंतचा असतो. म्हणून ३,००० तासांना बदलायचा असं धरा, म्हणजे तासाला ४ रुपये. विजेचं पाहिलं तर लॅम्पवाला ३०० वॉट खातो, लेझर २४०. साठ वॉटच्या फरकाचे, युनिटला ८ रुपये धरले तरी, तासाला ४८ पैसे होतात.

म्हणजे लेझर तासाला साडेचार रुपये वाचवतो आणि ६०,००० वसूल व्हायला साधारण १३,३०० तास लागतात. तुमचा क्लास रोज आठ तास, वर्षाला ३०० दिवस चालतो. तुमचे पैसे साडेपाच वर्षांत सुटतील. मंडळाचे सुटायला ८९ वर्षं लागतील.

भंवरकुआ_क्लासवाला:
कागदावर छान आहे. पण लॅम्प पहिल्या काही शे तासांतच मंदावतो हे का लपवलंत? लेझर २०,००० तास तोच उजेड देतो. क्लासमध्ये मागच्या बाकावरून फळ्यावरचं दिसत नाही म्हणून मुलं ओरडतात, तेव्हा साडेचार रुपयांचा हिशेब कुणी विचारत नाही.

लोकमान्यनगरकर:
लॅम्प सुरुवातीला झपाट्याने उतरतो आणि मग सावकाश, हे खरं. ते आधीच लिहायला हवं होतं. पण "तोच उजेड" चूक आहे. लेझरचे २०,००० तासही निम्म्या उजेडापर्यंतचेच असतात, फक्त तो जवळजवळ सरळ रेषेत उतरतो. ज्या १३,३०० तासांना तुमचे पैसे वसूल होतात, तेव्हा तुमच्या ४,००० ल्युमेनचे २,६५० च्या आसपास उरलेले असतील. लॅम्पवाल्यात त्या दिवशी १२,००० टाकले की उजेड पुन्हा नवा. लेझरचं प्रकाशयंत्र सीलबंद असतं, ते घरी बदलता येत नाही.

आणि एलईडीबद्दल. ९,००० हा आकडा आतल्या एलईडीच्या उजेडाचा असतो, भिंगातून बाहेर पडणाऱ्या उजेडाचा नाही. मशीनच्या मागच्या पट्टीवरचे वॉट वाचा. साठ-सत्तर वॉटच्या एलईडीतून सात-आठ हजार ल्युमेन निघतात, पण एकाच एलसीडी पॅनेलमधून जाताना त्यातले शेकडा पाचच पडद्यापर्यंत पोहोचतात. हातात येतात तीन-चारशे. डब्यावर आन्सी किंवा आयएसओ ल्युमेन, म्हणजे बाहेर पडणारा उजेड मोजून काढलेले ल्युमेन, लिहिलेले नसतील, तर पुढचा आकडा वाचूच नका.

राजेंद्रनगरची_ताई:
मी मागच्याच महिन्यात तसला एलईडी घेतला आणि मला तर छान दिसतो! पोरांच्या खोलीत भिंतीवर ८० इंच करतो, रात्री दिवे बंद. मग मला फसवलं का? आणि मंडळाने असेच दोन घेऊन शेजारी शेजारी लावले तर?

लोकमान्यनगरकर:
ताई, तुमच्या खोलीसाठी तो चांगला आहे. ८० इंची चित्राचं क्षेत्रफळ पावणेदोन चौरस मीटर. ३०० ल्युमेन त्यावर पसरले की चौरस मीटरला १७० ल्युमेन, म्हणजेच १७० लक्स होतात, आणि पूर्ण अंधारात तेवढा उजेड सिनेमागृहाच्या पडद्याइतका असतो. दुपारी पडदे उघडे ठेवून लावून बघा, चित्र धुतल्यासारखं दिसेल. एक करा: हवा आत घेणारी जाळी दर पंधरवड्याला ब्रशने साफ करा. अशा स्वस्त मशीनमध्ये भिंग आणि पॅनेल सीलबंद नसतं. धूळ आत गेली की काळ्या दृश्यात करडे, धूसर डाग दिसतात. उष्णता साचली की मधोमध पिवळा-तपकिरी पट्टा येतो, तो पॅनेल भाजल्याचा. एलईडी ३०,००० तास जगेल, पॅनेल जगेलच असं नाही.

दोन शेजारी लावले तर चित्र दुप्पट रुंद होईल, उजळ होणार नाही.

साउंडवाला_महाराणीरोड:
ल्युमेनवर किती वेळ घालवणार? आमचा धंदा माइकचा. हॉलमध्ये वक्ता बोलतो आणि पहिल्या रांगेच्या डोक्यावर प्रोजेक्टरचा पंखा घोंगावतो, तो रेकॉर्डिंगमध्ये येतो. लॅम्पवाले पूर्ण उजेडावर ३७ डेसिबलपर्यंत जातात. मला लेझरच हवा.

लोकमान्यनगरकर:
लेझरलाही पंखे असतातच, शिवाय लेझरच्या उजेडाचा रंग बदलणाऱ्या फॉस्फर चाकाची मोटर. लेझरची मशीनंसुद्धा पूर्ण उजेडावर ३५ डेसिबलच्या पुढे जातात. लेझर डायोडला उष्णता लॅम्पपेक्षाही कमी सोसते. मे महिन्यात बंद हॉल चाळिशीला गेला की पंखा जोरात धावतो किंवा मशीन स्वतःच उजेड कमी करते. आवाज कमी करायचा तर इको मोड, पण त्यात उजेड तिसऱ्या हिश्श्याने किंवा जास्तच जातो.

आधी मेन्यूत जाऊन `High Altitude Mode` बघा. आपल्या हॉलमधल्या जुन्या मशीनवर तो चालू आहे. तो १,५०० मीटरच्या वरच्या गावांसाठी असतो, पातळ हवेत पंखा जोरात फिरवायला. इंदूर साडेपाचशे मीटरवर आहे. तो बंद केला की निम्मी कुरकुर तिथेच थांबेल. आणि आवाज हळूहळू वाढत गेला असेल तर फिल्टर तुंबला आहे.

साउंडवाला_महाराणीरोड:
तो मोड तपासतो. पण लाइट जाते त्याचं काय? चालू लॅम्पची लाइट गेली की पंखा थांबतो, लॅम्प तापलेला राहतो आणि फुटतो. गणपतीत जनरेटरवर घेताना दर वेळी हेच होतं. लेझरला ही भीती नाही. याला उत्तर द्या.

भंवरकुआ_क्लासवाला:
अगदी बरोबर! हा मुद्दा कुणी हिशेबात धरलाच नाही.

लोकमान्यनगरकर:
एकदा लाइट गेली म्हणून लॅम्प फुटत नाही. खरं नुकसान त्यानंतरच्या दोन मिनिटांत होतं. लाइट परत येते आणि कुणीतरी घाईने बटण दाबतं. लॅम्प गरम असताना आत पाऱ्याच्या वाफेचा दाब शेकडो पट असतो, त्या दाबात ठिणगी पडत नाही. मशीन काही हजार व्होल्टच्या ठिणग्या पुन्हा पुन्हा मारतं आणि इलेक्ट्रोडची टोकं झिजतात. नियम सोपा आहे: लाइट गेली की पाच मिनिटं हात लावायचा नाही.

६०० व्हीएचा यूपीएस लावला तर हाही प्रश्न मिटतो. त्यावर पूर्ण ३०० वॉट जेमतेम काही मिनिटं चालतील, पण चित्र चालू ठेवायचंच नाहीये. रिमोटने लगेच बंद करायचं. लॅम्प विझला की राहतो फक्त पंखा, आणि पंख्याला यूपीएस आरामात पुरतो. लॅम्प फुटतो तो बहुतेक वेळा आयुष्य संपल्यावरही ताणला म्हणून, किंवा लॅम्प न बदलता मेन्यूतला तासांचा काउंटर शून्यावर आणला म्हणून.

साउंडवाला_महाराणीरोड:
यूपीएसचं मान्य. पण जनरेटरवर घेताना होतं ते वेगळं, आणि ते तुम्ही टाळलंत. मांडवाच्या तात्पुरत्या वायरिंगमध्ये तीन फेजचा न्यूट्रल ढिला होतो. झालं की एका फेजवर व्होल्टेज ३०० च्या वर चढतं आणि दुसरीकडे पडतं. काही बल्ब अचानक भगभगतात, काही मंद होतात, तेव्हा समजायचं आणि मेन पाडायचा. मिक्सर जातो, अ‍ॅम्प जातो, प्रोजेक्टरही जाईल. लोक त्यावर स्टॅबिलायझर विकत घेतात, पैसे फुकट! कमी व्होल्टेज प्रोजेक्टर स्वतःच सोसतो, त्याला १०० व्होल्टपासून चालतं. लागतो तो जास्त व्होल्टेजला तोडणारा रिले, वरची मर्यादा २७० ला. मांडववाले तो लावत नाहीत आणि बिल आमच्या माथी मारतात. हे दर वर्षी सांगून घसा बसला.

भंवरकुआ_क्लासवाला:
विषय प्रोजेक्टरचा आहे, मांडववाल्यांच्या बिलाचा नाही.

साउंडवाला_महाराणीरोड:
एक लाख दहा हजारांचं मशीन त्याच वायरवर लागणार आहे. विषय हाच आहे.

लोकमान्यनगरकर:
साउंडवाले दादांचं बरोबर आहे, हे माझ्याकडून सुटलं होतं. रिले दोन्ही मशीनला लागेल. आणि सप्लाय बोर्ड जळाला तर लेझरचं बोर्ड महाग पडतं, तेही यात धरा.

राजेंद्रनगरची_ताई:
पण शेवटी हॉलमध्ये दिसेल का? मागच्या वर्षी फोटो दाखवले तेव्हा आजींना काही दिसलं नाही.

लोकमान्यनगरकर:
ताई, तुम्ही नेमकं विचारलंत. आपला पडदा १५० इंची, म्हणजे सव्वासहा चौरस मीटर. नव्या लॅम्पचे ३,६०० ल्युमेन त्यावर ५८० लक्स देतात. सगळ्या ट्यूब चालू असताना पडद्यावर १०० लक्स बाहेरचाच उजेड पडत असेल, तर पांढरं काळ्याच्या जेमतेम सातपट. मजकूर वाचता येतो, फोटो फिके. लॅम्प निम्म्यावर आला की हेच चारपटीच्या खाली जातं, तेव्हाच आजींना दिसत नाही. लेझरचे ४,००० नवे असतानाही साडेसातपटीच्या आतच राहतात.

आता पडद्याजवळच्या दोन ट्यूबचं बटण वेगळं करा आणि तो उजेड २५ लक्सवर आणा. त्याच ३,६०० ल्युमेनवर पांढरं काळ्याच्या चोवीसपट होतं. वायरमन अर्ध्या दिवसात करून देईल.

भंवरकुआ_क्लासवाला:
बरं, १५० तासांसाठी लेझर महाग पडतो हे मानतो. एलईडीचंही मागे घेतो. पण कंपन्या नवी मॉडेलं लेझरचीच काढतायत. सहा वर्षांनी मूळ लॅम्प मिळाला नाही तर? नकली लॅम्प लावून पडद्यावर हिरवट झाक बघत बसणार का?

लोकमान्यनगरकर:
ती भीती खरी आहे. मशीनसोबतच एक मूळ लॅम्प घेऊन खोक्यात ठेवा. मग मशीन आणि लॅम्प मिळून ६२,००० होतात.

भंवरकुआ_क्लासवाला:
आणि त्या लॅम्पची वॉरंटी खोक्यातच संपणार. मला पटत नाही.

साउंडवाला_महाराणीरोड:
रविवारी दहाला हॉल उघडतो. मोबाइलचं लक्स मोजायचं अ‍ॅप घेऊन या. फोन पडद्याला टेकवून खुर्च्यांकडे तोंड करून धरायचा, आधी सगळ्या ट्यूब चालू, मग पुढच्या दोन बंद. खरंच १०० आहेत की २५०, ते बघू आणि मग कोटेशनवर बोलू.