मदत हवी आहे : १३.४ षटकांनंतरची आवश्यक धावगती

आमच्या २० षटकांच्या क्लब सामन्यात विजयासाठी १६८ धावा हव्या होत्या आणि १३.४ षटकांत ४ बाद १०९ धावा झाल्या होत्या, म्हणजे ५९ धावा बाकी होत्या. पाऊस नव्हता, षटकेही कमी केलेली नव्हती.

मी २० मधून १३.४ वजा करून ६.६ ने भागले, तेव्हा ८.९४ आले, पण षटकात सहाच चेंडू असताना ६.६ षटके कशी असतील, हे लगेच खटकले. सहकारी गुणलेखकाने उरलेली षटके ६.२ अशी बरोबर लिहिली, मात्र थेट ६.२ ने भागल्यामुळे त्याचे उत्तर ९.५२ आले. मग मी चेंडू मोजले : १३ × ६ + ४ = ८२ टाकले, १२० पैकी ३८ उरले, आणि ५९ × ६ ÷ ३८ = ९.३२.

मला ९.३२ हेच बरोबर वाटते, परंतु गुणपुस्तिकेत शाईने नोंदवण्यापूर्वी खात्री हवी आहे. तसेच पुढचाच चेंडू वाइड पडून एक धाव मिळाली; तेव्हा भाजक ३८ च ठेवून ५८ × ६ ÷ ३८ = ९.१६ धरायचे, की ३७ करायचा?