अनुभव धागा: ‘मनःपूर्वक आभार’ऐवजी तुम्ही काय लिहिलंत?

रानजाई
मुलीचं लग्न झालं, आता आभाराचे मेसेज पाठवतेय. ‘आपल्या उपस्थितीने सोहळ्याची शोभा वाढली’ हे मला नको होतं. ते कुणालाही पाठवता येतं. म्हणून आहेराच्या वहीत ‘काय केलं’ असा एक रकाना वाढवला आणि घरच्यांना विचारून भरला. एका मावशींना लिहिलं: ‘मागच्या रांगेतल्या आजींना उठता येत नव्हतं, तुम्ही खुर्चीपाशी जाऊन त्यांना अक्षता दिल्यात. दुसऱ्या दिवशी त्यांनी आईंना फोन करून तेवढंच सांगितलं.’ मावशींचा लगेच फोन! आजींनी फोन केला होता हे त्यांना माहीतच नव्हतं. तुमचे अनुभव सांगा.

मुक्कामपोस्ट
फोनचा उल्लेख केलात, तिथेच मेसेज जमला. समोरच्याने काय केलं ते त्याला ठाऊक असतं. त्यानंतर काय झालं ते आपणच सांगू शकतो. मी गावच्या वाचनालयाची देणगीदारांना जाणारी पत्रं लिहितो. ‘आपल्या भरघोस देणगीमुळे वाचकांची सोय झाली’ हे खोडून एकदा लिहिलं: ‘तुमच्या पैशांतून खिडकीजवळच्या टेबलावर दिवे लावले. स्पर्धा परीक्षेची मुलं अंधार पडला की उठायची, आता कुलूप लावेपर्यंत बसतात.’ मात्र दिवे लागून मुलं बसू लागल्याशिवाय असं पत्र पाठवू नये. तोवर फक्त पावती आणि साधे दोन शब्द. लिहून झालं की वरचं नाव झाकून वाचतो. दुसऱ्या देणगीदारालाही चालेलसं वाटलं तर परत लिहायला घेतो.

अबोली
तपशील जितके जास्त तितकं छान! मी पानभर लिहिते, एकही गोष्ट सोडत नाही.

मुक्कामपोस्ट
@अबोली, तपशील हवेत हे खरं, पण सगळे मांडले की हिशेब चुकता केल्यासारखं वाटतं. एकच घ्या, तो नीट सांगा.

गावकुस
आमच्या गणेशोत्सव मंडळात आभारप्रदर्शनात नावं राहतात, मग माणसं रुसतात. यादी कशी करावी?

रानजाई
@गावकुस, इथे मेसेजबद्दल चाललंय, पण तुमचा मुद्दा ग्रुपला लागू आहे. एकाचं कौतुक ग्रुपवर टाकलं की बाकीचे आपलं नाव शोधतात. म्हणून तपशील मी ज्याचा त्यालाच पाठवतेय.

सांजवात
वडील गेले तेव्हा शेजारच्या दादांनी दहा दिवस आमचं दूध आणून फ्रिजमध्ये ठेवलं, आम्ही काही न सांगता. ‘दुःखात सहभागी झाल्याबद्दल’ वगैरे लिहवेना. ‘दादा, त्या दिवसांत आईचा सकाळचा चहा एकदाही चुकला नाही’ एवढंच लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, ‘आपल्यात कसले आभार?’ त्यांना आवडलं की परकेपणा वाटला, मला अजून कळलेलं नाही.

अबोली
माझे सासरे तर अशा मेसेजवर चिडतातच. घरच्या माणसांना लिहावं का, कुणाचा अनुभव?