भीमा लोभी की गरजू?

"भीमा सोन्याच्या मोहाला बळी पडला, म्हणून स्वभावचित्रणात 'लोभी' लिहिलं तर चालेल ना?"

एकटं 'लोभी' लिहिलंत तर अण्णा भाऊ साठे यांच्या 'स्मशानातील सोनं' मधला भीमा हातातून निसटेल. घटनांचा क्रम बघा. वारणाकाठचा हा धिप्पाड गडी मुंबईच्या उपनगरात खाणीत दगड फोडतो. खाण बंद पडते, काम जातं आणि त्यानंतर त्याला चितेच्या राखेत अंगठी सापडते. मग तो पोटासाठी स्मशानात सोनं शोधू लागतो. म्हणजे आधी बेकारी, मग सोनं. हा क्रम उत्तरात पहिल्याच परिच्छेदात आला पाहिजे. बायको भुताखेतांची भीती घालते, तेव्हा खरी भुतं मुंबईतच राहतात असं तो सुनावतो. त्याचा रोखठोकपणा दाखवायला हा संवाद पुरेसा आहे. मोह नाही असं मात्र नाही. मढ्याच्या अंगावरचं सोनं काढून झाल्यावरही तो पहारीनं जबडा उघडून तोंडात बोटं घालतो, तो मोहच.

बहुतेकांच्या उत्तरांत शेवट 'वाईट कामाचं फळ' म्हणून येतो, मला ते पटत नाही. कोल्ही चालून येतात, बोटं जबड्यात अडकतात, तरी तो झुंजून सुटतो. पुढे डॉक्टर बोटं कापतात आणि त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याचं कळतं. काम परत आलं, पण पहाड फोडणारी बोटं गेली, म्हणून तो रडतो. सोन्यासाठी नाही. हे लिहिलंत की 'लोभी' हा शब्दही खुशाल ठेवा.