मदत हवी आहे: वर्गाची रुंदी बदलली की हिस्टोग्रामचा आकारच बदलतो, खरा कोणता मानायचा?

मृण्मयी_क

नमस्कार मंडळी. R सोबत `faithful` नावाचा डेटा तयार मिळतो, त्यावर सराव करतेय. अमेरिकेतल्या यलोस्टोनमधल्या ओल्ड फेथफुल गीझरचा प्रत्येक उद्रेक किती मिनिटं टिकला, अशा २७२ नोंदी त्यातल्या `eruptions` या रकान्यात आहेत. सगळ्यात छोटा उद्रेक १.६ मिनिटांचा, सगळ्यात मोठा ५.१ चा.

मी चार हिस्टोग्राम काढले. आकडे तेच, फक्त वर्ग वेगळे:

```r
x <- faithful$eruptions
hist(x, breaks = seq(1.5, 5.5, by = 0.5), right = FALSE)$counts
# 51 41 5 7 30 73 61 4
hist(x, breaks = seq(1.5, 5.5, by = 1), right = FALSE)$counts
# 92 12 103 65
hist(x, breaks = seq(1, 6, by = 1), right = FALSE)$counts
# 51 46 37 134 4
hist(x, breaks = seq(1.5, 5.5, by = 2), right = FALSE)$counts
# 104 168
```

पहिल्यात दोन ठळक उंचवटे आणि मध्ये खळगा दिसतो. चौथ्यात खळग्याचा मागमूस नाही, नुसता चढ आहे. रुंदी वाढवली की बारकावे जातात, इथवर समजलं. माझं डोकं अडलंय ते दुसऱ्या आणि तिसऱ्यापाशी. दोन्हीकडे रुंदी १ मिनिटच आहे, तरी दुसऱ्यात खळगा स्पष्ट आहे आणि तिसऱ्यात एकच शिखर, डावीकडे लांबलेली शेपटी. तिसरा आलेख एखाद्याला नुसता दाखवला तर तो म्हणेल, बहुतेक उद्रेक चार ते पाच मिनिटांचे, थोडे लहान. दुसरा दाखवला तर म्हणेल, दोन वेगळे प्रकार आहेत. अहवालात एकच आलेख द्यायचाय. कोणता द्यावा, आणि तो का, हे ठरवायचं कसं?

सुबोध_आकडे

हा प्रश्न कधीच सुटलेला आहे. स्टर्जेसचं सूत्र १९२६ पासून वापरात आहे. २७२ चा २ या पायाचा लॉगरिदम ८.०९, त्यात १ मिळवा, वर पूर्णांकात न्या, १० वर्ग आले. R आपणहून हेच करतं. `breaks` ला हात न लावता नुसतं `hist(x)` लिहा, योग्य आलेख मिळेल. हाताने मर्यादा दिल्या की असे घोळ होणारच.

निनाद_७

मृण्मयी, तुमच्या वारंवारता जुळत नाहीत, एकदा तपासा. मी अर्ध्या मिनिटाच्या वर्गांनी केलं तर ५५, ३७, ५, ९, ३४, ७५, ५४, ३ असं आलं. बेरीज माझीही २७२. डेटाची आवृत्ती वेगळी आहे का?

विनय_द

निनाद, डेटा एकच आहे. तुम्ही `right = FALSE` लिहिलेलं नसणार. मग R वरची मर्यादा त्याच वर्गात धरतं, म्हणजे बरोबर २ मिनिटांचा उद्रेक १.५ ते २ मध्ये जातो. मृण्मयींनी तो २ ते २.५ मध्ये टाकलाय. बरोबर २ च्या नोंदी चार आहेत, म्हणून ५१ चे ५५ आणि ४१ चे ३७ झाले. दोघांचंही बरोबर आहे. आकार यामुळे फारसा हलत नाही, पण दोन जणांनी आकडे ताडून पाहताना हे आधी बघावं.

आता मूळ प्रश्न. अर्ध्या मिनिटाच्या आकड्यांकडे पुन्हा बघा. २.५ ते ३.५ या एका मिनिटाच्या पट्ट्यात फक्त ५ आणि ७, म्हणजे १२ उद्रेक आहेत. हाच तो खळगा, आणि त्याची रुंदी साधारण एक मिनिट. तुमच्या वर्गाची रुंदीही एक मिनिट. अशा वेळी खळगा दिसायचा असेल तर वर्गाची सुरुवात नेमकी २.५ वरच पडावी लागते. दुसऱ्या आलेखात ती तशी पडली, योगायोगाने. तिसऱ्यात मर्यादा पूर्ण मिनिटांवर गेल्या, त्यामुळे खळगा मधोमध चिरला गेला. त्यातले ५ उद्रेक शेजारच्या ४१ मध्ये मिसळून ४६ झाले आणि ७ उद्रेक पलीकडच्या ३० मध्ये मिसळून ३७ झाले. खळग्याचा असा स्वतःचा एकही वर्ग उरला नाही, मग तो दिसणार कुठून?

यातून ठोकताळा निघतो. जो तपशील दिसायला हवा, त्याच्या रुंदीच्या निम्मी किंवा त्याहून कमी रुंदी वर्गाला द्या. मग सुरुवात कुठूनही करा, निदान एक अख्खा वर्ग त्या तपशिलाच्या आत पडतोच. एक मिनिटाच्या खळग्याला अर्ध्या मिनिटाचे वर्ग पुरतात. म्हणून माझं मत तुमच्या पहिल्या आलेखाला. सुरुवात १.५ ऐवजी १.२५ वरून करून बघा, खळगा जाणार नाही. नुसती सुरुवात सरकवल्यावर आकार बदलत असेल, तर ती रुंदी त्या डेटासाठी जास्त आहे असं समजायचं.

सुबोध_आकडे

पण खळगा एक मिनिटाचा आहे हे तुम्ही हिस्टोग्राम बघूनच सांगताय. आधी रुंदी ठरवा, मग खळगा दिसेल, आणि खळग्यावरून पुन्हा रुंदी ठरवा! सूत्र निदान डेटा न बघता उत्तर देतं.

मृण्मयी_क

सुबोधजी, माझीही शंका हीच होती. शिवाय नुसतं `hist(x)` केलं तर मला १० नाही, ८ स्तंभ दिसतात. ते का?

विनय_द

आठ दिसतात कारण R साठी १० ही फक्त सूचना असते. त्या सूचनेच्या आसपास राहून ते वाचायला सोप्या मर्यादा शोधतं, इथे अर्ध्या अर्ध्या मिनिटाच्या मिळाल्या. म्हणजे इथला चांगला आलेख गोल आकड्यांच्या कृपेने आलाय, सूत्रामुळे नाही. `breaks = 10` लिहिलं तरी दहाच वर्ग मिळतील असं नाही. हव्या त्याच मर्यादा पाहिजेत तर तुम्ही केलं तसं `seq` ने द्याव्या लागतात.

सुबोधजींचा आक्षेप रास्त आहे, म्हणून वर्ग न पाडता बघण्याचा मार्ग सांगतो. `plot(ecdf(x))` करा. त्यात प्रत्येक नोंदीला रेघ एक पायरी वर चढते. जिथे नोंदी दाट तिथे चढ उभा, जिथे विरळ तिथे रेघ जवळपास आडवी. इथे २.५ मिनिटांपाशी रेघ ०.३४ वर असते आणि ३.५ ला पोचते तेव्हा जेमतेम ०.३९ वर. हा सपाट तुकडा कुठल्याही वर्गरुंदीवर अवलंबून नाही. खळगा आहे आणि साधारण केवढा आहे, दोन्ही तिथेच कळतं. रुंदी त्यानंतर ठरवायची.

सूत्रांबद्दल एवढंच की ती डेटा अजिबात न बघता उत्तर देत नाहीत, काहीतरी गृहीत धरतात. स्टर्जेसमागे एका शिखराचा, घंटेसारखा डेटा गृहीत आहे. फ्रीडमन आणि डायकोनिस यांचं १९८१ चं सूत्र पहिल्या आणि तिसऱ्या चतुर्थकातलं अंतर घेतं, त्याची दुप्पट करतं आणि नोंदींच्या संख्येच्या घनमुळाने भागतं. आपल्या डेटात ते चतुर्थक २.१६ आणि ४.४५, अंतर २.२९. २७२ चं घनमूळ ६.४८. रुंदी येते ०.७१ मिनिटं. आता गंमत नाही, दोष बघा: पहिला चतुर्थक छोट्या उद्रेकांच्या उंचवट्यात आहे आणि तिसरा मोठ्यांच्या. म्हणजे ते २.२९ प्रामुख्याने दोन उंचवटे एकमेकांपासून किती लांब आहेत ते सांगतं. एका उंचवट्याचा स्वतःचा पसारा त्याहून पुष्कळ कमी आहे, छोटे ९२ उद्रेक तर १.६ आणि २.५ च्या मध्येच मावतात. दोन गट जितके दूर, तितकी सूत्राची रुंदी फुगते, आणि खळगा शोधण्याची गरज तर तेव्हाच असते. सूत्राचा आकडा सुरुवातीला घ्यावा, पण त्याच्या निम्म्याने एकदा काढून बघितल्याशिवाय थांबू नये.

वैदेही_म

मला याच गीझरचा दुसरा डेटा माहीत आहे, `MASS` मधला `geyser`, २९९ नोंदींचा. त्याच्या `duration` चा बारीक रुंदीचा हिस्टोग्राम काढला तर बरोबर २ आणि बरोबर ४ वर उंच सुळके येतात. गीझर घड्याळ लावून उडतो की काय असं वाटावं. माहितीपान वाचल्यावर उलगडा झाला: रात्रीचे काही उद्रेक मोजलेले नव्हते, 'छोटा', 'मध्यम', 'मोठा' असंच लिहिलेलं होतं, आणि नंतर त्यांना २, ३, ४ असे आकडे दिले गेले. रुंद वर्गांत हे सुळके शेजाऱ्यांत मिसळतात आणि कळतही नाही. म्हणून मी तर आधी मुद्दाम फार बारीक वर्ग घेते. अहवालात द्यायला नाही, डेटा कसा नोंदवलाय ते समजायला.

मृण्मयी_क

वैदेहीताई, हे वाचून मीही ०.०१ रुंदी देऊन बघितली. ब्रशच्या केसांसारखे सुटे स्तंभ आणि मध्ये नियमित रिकाम्या जागा! इथेही कोणी आकडे दिले होते का?

विनय_द

नाही, इथे कारण वेगळं आहे. वेळ मुळात पूर्ण सेकंदांत मोजून मग ६० ने भागलाय. ३.३३३ म्हणजे २०० सेकंद, २.२८३ म्हणजे १३७. दोन शक्य किमतींमध्ये ०.०१६७ मिनिटांचं अंतर असताना ०.०१ चे वर्ग पाडले तर कित्येक वर्गांत एकही किंमत येऊ शकत नाही. त्या रिकाम्या जागा गीझरच्या नाहीत, मोजणीच्या आहेत. याहून फसवी गोष्ट ०.०२५ रुंदीला होते. तेवढ्यात दीड सेकंद बसतो, म्हणून एका वर्गात एक सेकंद, पुढच्यात दोन, असं आलटून पालटून होतं आणि कंगव्यासारखी दातेरी नक्षी उमटते. ती बघून शिखरं मोजत बसू नका.

बारीक जायचं तर सेकंदांत परत या आणि रुंदी पूर्ण सेकंदांत ठेवा, मर्यादा अर्ध्यावर:

```r
s <- round(faithful$eruptions * 60)
hist(s, breaks = seq(92.5, 307.5, by = 5))
```

आता प्रत्येक वर्गात नेमके पाच सेकंद येतात आणि कुठलीही नोंद मर्यादेवर पडत नाही, त्यामुळे निनाद आणि तुमच्यातला फरकही उरत नाही.

निनाद_७

हे चालवून पाहिलं. दोन मोठे उंचवटे राहिले, पण मोठ्या उंचवट्यावर आणखी लहान शिखरं दिसतायत. म्हणजे उद्रेकांचे दोनाहून जास्त प्रकार आहेत का?

विनय_द

यावरून तसं म्हणता येणार नाही. ४३ वर्गांत २७२ नोंदी, सरासरी सहा-सात. जिथे सहा अपेक्षित तिथे चार किंवा नऊ येणं केवळ योगायोगानेही सहज घडतं. अर्ध्या मिनिटाच्या आलेखात खळग्यातले ५ आणि ७ शेजारच्या ४१ आणि ३० पुढे इतके कमी आहेत की तो योगायोग नाही, पण तिथलेही ७३ आणि ६१ यांच्यातल्या फरकावर मी काही बांधणार नाही.

आणखी एक अडचण. R च्या माहितीपानावरच लिहिलंय की या वेळा बऱ्याच गोल केलेल्या आहेत आणि ५ च्या पटीतले सेकंद अपेक्षेपेक्षा जास्त वेळा येतात. वर दिलेल्या मर्यादांमुळे ५ ची प्रत्येक पट आपापल्या वर्गाच्या मधोमध येते, म्हणून तो परिणाम सगळ्या वर्गांत सारखा वाटला जातो. पण मोजणाऱ्याने १० च्या किंवा १५ च्या पटींना जास्त झुकतं माप दिलं असेल, तर लहान शिखरं त्यातूनही येऊ शकतात. `table(s %% 10)` करून बघा.

सुबोध_आकडे

बघतो. पण अहवालासाठी सूत्र नको म्हटलं तर वाचणारा विचारणारच, अर्धा मिनिटच का? सोयीचा आकार मिळाला म्हणून? सूत्राचं नाव लिहिलं की हा प्रश्न येत नाही, हा फायदा लहान नाही.

मृण्मयी_क

मी असं करतेय: मुख्य आलेख अर्ध्या मिनिटाचा, शेजारी `ecdf`, आणि खाली एक ओळ, की सुरुवात १.२५ केली तरी खळगा टिकतो. ०.७१ चा आलेखही जोडते, सुबोधजींच्या वाचकाला तुलना करता येईल. त्या रुंदीला सुरुवात कुठून करू? १.६ वरून केली तर एक चित्र येतं, १.३ वरून दुसरं.