मदत हवी आहे: अहवालातील मिलियनचे आकडे मराठीत कसे लिहावेत?

मी एका कंपनीच्या वार्षिक अहवालाचे मराठी भाषांतर करीत आहे. मूळ इंग्रजी तक्त्याच्या डोक्यावर ‘रक्कम मिलियन रुपयांत’ असे लिहिले असून उलाढालीपुढे १,२४५.६ हा आकडा आहे. एक मिलियन म्हणजे दहा लाख, या हिशेबाने मी १२,४५६ लाख लिहिले. परंतु सोबतच्या हिंदी मसुद्यात १.२४५६ अरब आहे आणि दुसऱ्या ठिकाणी एकूण बाजारपेठ २ खरब रुपयांची म्हटली आहे. मराठी वाचकासाठी नेमके काय लिहावे?

प्रतिसाद १
आपले उत्तर चुकीचे नाही, पण बारा हजार लाख कोणी म्हणत नाही. मिलियनला दहाने भागले की कोटी मिळतात, म्हणून १२४.५६ कोटी लिहावे. अरबला मराठीत अब्ज म्हणतात आणि खरबला खर्व, एवढाच फरक आहे.

प्रतिसाद २
अब्जापर्यंत मान्य, खर्वाला मात्र हरकत आहे. मराठीत आलेल्या जुन्या संस्कृत क्रमात खर्व म्हणजे दहा अब्ज, तर हिंदीतला खरब शंभर अरबांचा असतो. नुसता शब्द बदलला, तर बाजारपेठ एकदशांश होईल आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही. २ खरब म्हणजे २०,००० कोटी, तेच लिहावे. पडताळणीसाठी रक्कम दोन्ही पद्धतींत पूर्ण लिहून पाहावी: १,२४५,६००,००० आणि १,२४,५६,००,०००. स्वल्पविराम काढल्यावर दोन्हीकडे तेच दहा अंक उरले पाहिजेत.

प्रतिसाद ३
मी जर्मनीत राहतो. इथे ‘बिलियन’ म्हणजे आपले लाख कोटी, आणि इंग्रजी बिलियनला ‘मिलियार्ड’ म्हणतात. एकदा इथली बातमी घरी सांगताना मी रक्कम हजारपट कमी करून सांगितली होती!

प्रतिसाद २
मूळ मजकूर इंग्रजी असल्याने इथे तो धोका नाही. तक्ता एक्सेलमध्ये असेल, तर स्वल्पविरामांसाठी हे स्वरूप वापरता येईल:

```
[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0
```

शंभर कोटींच्या पुढे ते १२४,५६,००,००० असे दाखवते, म्हणजे कोटींच्या डावीकडे आणखी स्वल्पविराम पडत नाही. मला तरी ते वाचायला सोपे वाटते.

मूळ प्रश्नकर्ती
आभारी आहे. तक्त्याचे शीर्षक ‘रक्कम कोटी रुपयांत’ असे बदलून सर्व आकडे दहाने भागले. पूर्ण रकमांच्या परिशिष्टात वरील स्वरूप लावले, तेव्हा नफा नीट दिसला. तोट्याची रक्कम मात्र -२४,५६०,००० अशी हजारांच्याच गटांत राहिली.

प्रतिसाद २
ऋण आकडा पहिल्या दोन्ही अटींत बसत नाही, म्हणून तो तिसऱ्या भागात जातो. मी असे आकडे हाताने -२,४५,६०,००० लिहितो; याहून बरा उपाय कोणाला ठाऊक असल्यास मलाही हवा आहे.